गल्लीच्या पाण्याचं नाव गल्लीनंच ठेवावं : सोलापूरच्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातल्या पेठा, नगरं, चाळी आणि सोसायट्यांमधली सगळी मंडळं व महिला बचत गट

प्रत : मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

छतावरचं पावसाचं पाणी आडात किंवा बोअरच्या कडेला सोडायचं काम तुमच्यापैकी काही जणांनी मनावर घेतलंय. पेठापेठांतून सुटंसुटं चाललेलं हे काम एका नावाखाली आणावं, असंही तुमच्या बैठकांमधून ऐकू येतंय. नाव काय असावं यावर सूचना मागवल्या जात आहेत, म्हणून हे पत्र. मी स्थापत्य अभियंता आहे आणि पाऊसपाण्याची कामं करते. पाइप कुठून न्यायचा, फिल्टरमध्ये वाळू किती टाकायची, हे विचारायला लोक मला बोलावतात. नावाबद्दल कोणी विचारत नाही. पण काम उभं राहिल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी ते चालू राहणार की बंद पडणार, हे बऱ्याचदा त्याच्या नावावरून सांगता येतं. म्हणून न विचारता लिहिते आहे.

आधी नियमाची एक बाजू. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पाऊसपाण्याची सोय बंधनकारक आहे, पण ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांना. आपल्या साखर पेठेतली, भवानी पेठेतली, दोन्ही कसब्यांतली घरं यात कुठं बसणार? तिथं चाळीस-पन्नास चौरस मीटरचं घर म्हणजे ऐसपैस. म्हणजे शहराच्या सर्वांत दाट भागात हे काम कोणाच्या सक्तीनं होणारच नाही. झालं तर लोकांनी आपलं म्हणून केलं तरच होईल.

आता हे ‘आपलं’ नेमकं कोणाचं, हा प्रश्न इथल्या जमिनीनं अवघड करून ठेवलाय. सोलापूर काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलंय. वर माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक आणि मग अखंड खडक. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. त्या भेगा कुणाच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. मी माझ्या छताचं पाणी माझ्या बोअरपाशी मुरवलं, तर ते माझ्याच बोअरला मिळेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. ते तीन घरं सोडून चौथ्याच्या बोअरला लागेल. ज्याच्याकडे बोअर नाही, फक्त छत आहे, त्या घरानं दिलेलं पाणी तर सगळं दुसऱ्यांनाच जाणार. म्हणून घराघरानं स्वतंत्र केलेलं हे काम टिकत नाही. एक उन्हाळा जातो, ‘आमच्या बोअरला काही फरक पडला नाही’ असं कोणी तरी म्हणतं, आणि पाइप काढून टाकला जातो. फरक पडलेला असतो, तो शेजारच्या गल्लीत.

त्यामुळे नाव द्यायचं ते घराच्या कामाला नव्हे, आणि सगळ्या शहराच्या योजनेलाही आधी नव्हे. जितक्या छतांचं पाणी एका ठिकाणी जातं आणि जितक्या घरांना ते पाणी खालून मिळू शकतं, तेवढ्या वस्तीला एक नाव. ही हद्द प्रभागाची नसते. प्रभागांच्या सीमा निवडणुकीच्या आधी बदलतात, मग ‘प्रभाग अमुक पाऊसपाणी योजना’ हे फलकावरचं नाव पुढच्या खेपेला खोटं ठरतं. पेठेचं, बोळाचं, चाळीचं नाव मात्र कोणी बदलत नाही.

एक गल्ली समोर ठेवून बघू, म्हणजे मी काय म्हणते ते नीट कळेल. समजा साखर पेठेतला एक बोळ आहे. चौदा घरं, प्रत्येकाचं छत सरासरी ५० चौरस मीटर. काहींना स्लॅब, काहींना पत्रा. बोळाच्या तोंडाशी एक जुना आड, आठ फूट व्यासाचा, वर लोखंडी जाळी टाकून बंद केलेला. आड अजून बुजवलेला नाही, हे त्या बोळाचं नशीब म्हणायचं.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. सोलापूरला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उडून गेलेलं, पहिलं सोडून दिलेलं, गळालेलं वजा करून ऐंशी टक्के हाती लागतं असं धरा. चौदा घरांचं मिळून वर्षाला तीन लाख लिटरच्या वर पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर अंतर तोडून पाइपलाइननं येणाऱ्या पाण्याची जागा हे घेणार नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण वापराच्या पाण्यासाठी उन्हाळ्यातले काही आठवडे बोळाला टँकरची वाट बघावी लागणार नाही, इतकं ते नक्की आहे.

पण त्या बोळातल्या लोकांना हा वर्षाचा आकडा सांगू नका. तो कोणाच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. एका सरीचा सांगा. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, आणि तोही कधी कधी तासाभरात ओतल्यासारखा पडतो. चाळीस मिलिमीटरची एक सर आली तर चौदा छतांवरून बावीस हजार लिटरच्या वर पाणी आडात येईल. आठ फुटी आडात पाणी पंधरा फुटांनी वर चढेल. मुरत जाईल तसं थोडं कमी, पण डोळ्यांना दिसेल इतकं. (म्हणूनच आडाला वरच्या बाजूला जादा पाण्याचा पाइप हवाच, नाहीतर शेजारच्या घराच्या पायात पाणी शिरेल. ही चूक होताना मी पाहिली आहे.) आडाच्या आतल्या भिंतीवर फूट-फूट खुणा करून ठेवल्या तर त्या सरीनंतर पोरं वाकून बघतात किती चढलं. ज्या पाण्याला नाव द्यायचंय ते पाणी लोकांनी आधी असं बघितलेलं असायला हवं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की नाव आधी ठरवू नका. उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापायला नाव लागतं म्हणून घाईघाईनं ठेवलेलं नाव पत्रिकेबरोबरच जातं. बारसं मूल जन्मल्यावर करतात, तसं हेही पहिला पाऊस आडात उतरल्यावर करा. पहिल्या पावसाळ्यात गेरूनं किंवा खडूनं नाव लिहा. ते पुसलं जाईल, बदलावंसं वाटेल, कोणी तरी दुसरंच नाव उच्चारू लागेल. बदलू द्या. सप्टेंबरचा पाऊस सरून दसरा आला, की जे नाव बोळात खरोखर बोललं जातंय तेच ऑइलपेंटनं रंगवा.

नाव निवडायचं कसं, यावर मंडळांमध्ये वाद होतात, तर माझ्या अनुभवातून एक रीत सुचवते. सूचना घराघरातून घ्या, आणि घर म्हणजे घरमालक नव्हे. पेठेत निम्मी माणसं भाड्यानं राहतात आणि फिल्टर धुवायला तीच असतात. मालक कधी कधी जुळे सोलापूरला राहायला गेलेला असतो. भाडेकरूला चिठ्ठी न देता ठरवलेलं नाव पुढं त्याच्या तोंडात बसत नाही. चिठ्ठ्या जमल्या की निवडण्याच्या आधी खोडा. प्रत्येक घराला एक नाव खोडायचा हक्क द्या, कारण न विचारता. ‘हे नाव मला आमचं म्हणून म्हणता येणार नाही’ एवढंच पुरे. आधी मतदान घेतलं तर बहुमताच्या घरांचं नाव येतं आणि उरलेल्या चार घरांचे पाइप वर्षभरात आडापासून सुटतात. आधी खोडलं तर जे उरतं ते थोडं साधं असतं, पण कोणालाच परकं वाटत नाही. उरलेल्यांतून मग हात वर करून निवडा.

उरलेलं नाव योग्य आहे का, हे तपासायची माझी एक कसोटी आहे. ते नाव घालून दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. एक, ‘अहो, … चा फिल्टर तुंबलाय, उद्या येता का?’ हे प्लंबरला फोनवर सांगायचं वाक्य. दुसरं, ‘या महिन्यात … ची पाळी कुणाची?’ हे वाक्य जिन्यात उभं राहून शेजारणीला विचारायचं. या दोन वाक्यांत जे नाव अडखळतं, ते फलकावर कितीही देखणं दिसलं तरी टाकून द्या. ‘पर्जन्यजल संवर्धन व पुनर्भरण प्रकल्पाची पाळी कुणाची’ असं कोणी विचारत नाही. लोक मग ‘त्या योजनेची’ म्हणतात, आणि ‘ती योजना’ म्हटलं की ती पालिकेची झाली.

पाळीचं मी पुन्हा पुन्हा काढते, कारण सगळं तिथंच अडतं. छतावरून आलेलं पाणी आधी एका उभ्या पाइपात जातं, ज्याच्या खाली तोटी असते. पहिल्या पावसाचं, मे महिनाभराची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन आलेलं पाणी त्या तोटीतून बाहेर सोडायचं. पन्नास चौरस मीटर छताला साधारण शंभर लिटर. मग तोटी बंद करून पाणी फिल्टरकडे जाऊ द्यायचं. फिल्टर म्हणजे एक ड्रम किंवा विटांचा हौद, तळाशी मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर जाडी वाळू आणि मध्ये नायलॉनची जाळी. वाळूचा वरचा थर चिखलानं बसतो. बसलाय हे ओळखायला सोपं आहे : रिमझिम पाऊस चालू असताना फिल्टरचं झाकण उचला. वाळूवर पाणी साचून राहिलं असेल, किंवा एवढ्याशा पावसात जादा पाण्याच्या पाइपातून धार चालू असेल, तर वाळू तुंबली. वरची दोन-तीन इंच वाळू काढायची, बादलीत धुवायची, पुन्हा पसरायची. दोन माणसं, तासाभराचं काम. मृगाच्या आधी एकदा, गणपतीत एकदा आणि मध्ये गरज पडेल तेव्हा.

हे एवढंसं काम कोणी केलं नाही की काय होतं, ते सांगते. फिल्टर तुंबला की पाणी मागं सरकतं, पन्हळीतून उलटं येतं, आणि कुणाच्या तरी स्लॅबला ओल धरते. तो माणूस शिडी लावून स्वतःचा पाइप सोडवतो आणि पाणी गटारात वळवतो. ‘तात्पुरतं’ म्हणतो. तो पाइप पुन्हा जोडलेला मी फार कमी वेळा बघितलाय. शहरातल्या एका वसाहतीत मी केलेलं काम असंच गेलं. तिथल्या फलकावर पैसे देणाऱ्यांचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत, आणि खर्च खरंच त्यांनी केला होता, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण फिल्टर तुंबल्यावर तिथले लोक मला सांगायचे, ‘ते त्यांचं आहे, त्यांना कळवलंय.’ वाळूची बादली उचलायला तिसऱ्या वर्षी कोणीही नव्हतं. देणगीदाराचे आभार जरूर माना, मंडळाच्या अहवालात छापा, आरतीच्या वेळी नाव घ्या. पाण्याला मात्र त्यांचं नाव देऊ नका. नेत्याचं देऊ नका, हयात असो वा नसो. नेता एकाला आपला वाटतो तेव्हाच दुसऱ्याला परका वाटतो.

देवाच्या नावाबद्दल बोलताना मला जपून बोलायला हवं, कारण या शहराला पाणी आणि देव एकाच माणसानं दिले अशी आपली सगळ्यांची भावना आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला आणि गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली. आजही संक्रांतीला सातही नंदीध्वज निघतात, आणि त्या काठ्यांचा मान एकाच समाजाकडे नाही. यातून शिकण्यासारखं आहे ती त्याची मांडणी : गाव एक, ठिकाणं अडुसष्ट, प्रत्येक ठिकाणाची सेवा तिथली. पण ‘सिद्धेश्वर पाऊसपाणी योजना’ असं नाव ठेवू नका असं मी म्हणेन. एक तर सिद्धेश्वर नावाची एक्स्प्रेस गाडी आहे, साखर कारखाना आहे, आणखी कितीतरी संस्था आहेत. नुसतं ‘सिद्धेश्वरचं पाणी’ म्हटलं तर तलावाचंच वाटणार. आणि दुसरं, ज्या गल्लीत वेगळ्या धर्माची चार घरं आहेत तिथं ती घरं हे काम देवस्थानाचं समजून आदरानं बाजूला उभी राहतील. आपल्याला त्यांची छतं हवी आहेत.

संस्कृत वळणाची गोड नावंही सूचनांमध्ये फार येतात. ‘जलसंजीवनी’ सुचवणाऱ्यांना आठवण करून देते की जुलाब झाल्यावर पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याला आपण जलसंजीवनी म्हणतो. ‘अमृत’ ही २०१५ पासून केंद्र सरकारची शहरी पाणीपुरवठ्याची योजना आहे. तुमच्या फिल्टरला अमृत म्हटलंत तर लोक नळ कधी येणार ते विचारतील. ‘जलयुक्त’ म्हटलं की शिवारातली राज्याची योजना आठवते. ही नावं वाईट नाहीत, पण ती आधीच दुसऱ्या कोणाची तरी आहेत.

आणि कागदावरचं नाव जिभेवर उतरतंच असंही नाही. शहराच्या उत्तरेला १८७१ साली बांधून झालेला तलाव सरकारी कागदात एकरूख तलाव आहे. तुम्ही-मी त्याला काय म्हणतो? हिप्परगा. काठावरच्या गावाचं नाव आपण उचललं आणि दीडशे वर्षं सोडलं नाही. तुमच्या बोळातल्या आडालाही जुनं नाव असेल, विचारून बघा. चिंचेचा आड, कुणा तेलणीचा आड, मारुतीपाशी आहे म्हणून मारुतीचा आड. म्हातारी माणसं सांगतील. ते नाव अजून कुणाच्या तोंडात असेल तर नवं शोधायची गरजच नाही. तेच पहिल्या चिठ्ठीवर लिहा.

आता शहराच्या एका नावाकडे येते. गल्लीगल्लीला स्वतःचं नाव असलं तरी सगळ्यांना जोडणारा एखादा शब्द हवा, हे मलाही पटतं. शेळगीच्या माणसानं नई जिंदगीत गेल्यावर फलक बघून ‘हे आमच्याकडच्यासारखंच’ असं ओळखावं. अडचण ही की आपलं शहर चार भाषांत बोलतं. मराठी, कन्नड, पूर्व भागात तेलुगू, आणि दखनी उर्दू. पावसाचा शब्द या चौघांना एकत्र आणत नाही. आपण पाऊस म्हणतो, कन्नडमध्ये मळे, तेलुगूत वान, उर्दूत बारिश. पाण्यासाठी ‘नीर’ जुळेल असं एका बैठकीत सुचवलं गेलं. कन्नड आणि तेलुगूत नीरु म्हणतात आणि मराठीलाही तो शब्द ओळखीचा आहे, हे खरं. पण मराठी माणूस घरात नीर म्हणत नाही. रेल्वे स्टेशनवर विकत मिळणाऱ्या बाटलीवर मात्र तो शब्द आहे. शिवाय नुसत्या पाण्याला नाव दिलं तर ते वाहून जातं. ज्याची देखभाल करायची ती जागा नावात यायला हवी.

विहिरीचा शब्द मात्र जुळतो. कन्नडमध्ये विहिरीला बावी म्हणतात, तेलुगूतही बावीच. मराठीत बाव, बारव, बावडी हे त्याच घरातले शब्द आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात बावी नावाची गावंसुद्धा आहेत. उर्दू बोलणाऱ्यांना बावडी कळते. विजापूरची ताज बावडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. माझी सूचना ‘बावी’ ही आहे. ‘बाव’ नको, कारण पूर्व भागात तेलुगू घरात बाव म्हटलं की ते बावा, म्हणजे बहिणीचा नवरा, असं ऐकू येतं. कन्नडचीही तीच गत आहे. हे मला एका विणकर कुटुंबातल्या आजींनी सांगितलं, आणि चांगलं झालं रंग द्यायच्या आधी सांगितलं. म्हणून शहराचा शब्द ठरवताना चारही भाषांच्या माणसांना, शक्यतो बायकांना, एका चटईवर बसवून मोठ्यानं म्हणवून घ्या. कागदावर हे कळत नाही.

तेव्हा साखर पेठेतल्या त्या बोळाला म्हणता येईल ‘चिंचेची बावी’. दुसरीकडे ‘कोपऱ्याची बावी’, तिसरीकडे आणखी काही. उर्दू वस्तीला बावडी म्हणावंसं वाटलं तर बावडी लिहावं, त्यांच्या लिपीत लिहावं. पूर्व भागात तेलुगूत लिहावं. सगळ्या फलकांवर एकच खूण असावी : एक गोल आणि त्यात पाण्याची एक आडवी रेघ. ती कोणतीही लिपी न येणाऱ्यालाही कळते, आणि गेरूनं काढायला कोणालाही जमते. जिथं आड उरलेला नाही आणि बोअरच्या कडेला शोषखड्डा केलाय, तिथंही बावी म्हणायला हरकत नाही, फक्त खड्डा खरोखर पाणी पितोय ना ते आधी बघा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. खड्डा तिच्याखालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी तशीच असेल तर तो खड्डा नुसता डासांचा हौद आहे, आणि अशा हौदाला नाव देऊन मोहिमेचंच नाव खराब होतं.

फलकावर काय असावं, हेही नावाइतकंच महत्त्वाचं आहे. वर खूण, खाली बावीचं नाव. त्याखाली या वर्षी झाकणाची किल्ली कोणाकडे आहे ते घर. फिल्टर शेवटचा कधी धुतला ती तारीख, खडूनं. आणि आडात आज पाणी किती फूट. एवढंच. जाळी आणि झाकण मात्र पक्कं हवं, आडावर वाकून बघणाऱ्या पोरांसाठी ही पहिली गोष्ट आहे. आणि रस्त्याचं, अंगणाचं, गटाराच्या कडेचं पाणी कधीही या आडात सोडू नका. एकदा घाण आत गेली की खालच्या सगळ्या बोअरना ती जाते, आणि ती बाहेर काढायचा सोपा उपाय नाही. छताचंच पाणी, तेही वापरासाठी. पिण्यासाठी घ्यायचं असेल तर तपासून घ्या.

मा. आयुक्त, आपल्याकडे तीन मागण्या आहेत. गल्लीनं ठरवलेलं नाव आपल्या नोंदवहीत आणि तक्रार नोंदवण्याच्या व्यवस्थेत जसंच्या तसं यावं. ‘चिंचेची बावी’ची तक्रार आली तर ती कोणत्या क्रमांकाखाली येते हे शोधायचं काम कार्यालयाचं असावं, रहिवाशाचं नव्हे. दुसरी, पालिकेनं साहित्य किंवा पैसे दिले असतील तरी त्या फलकावर पालिकेचं बोधचिन्ह आणि उद्घाटनाची पाटी नको. तिसरी, बुजवायच्या यादीत असलेले जुने आड बुजवण्याआधी त्या गल्लीला एक पावसाळा द्यावा. गल्लीला वापरायचा नसेल तर जरूर बुजवा.

मंडळांना एवढंच सांगणं : मृग नक्षत्राच्या आधी प्रत्येक गल्लीत दोन गोष्टी व्हाव्यात. कोणत्या घरांचं पाणी एका आडाला येऊ शकतं ते कागदावर रेघा मारून ठरवा, आणि त्या घरांतल्या सगळ्यांना, भाडेकरूंसह, चिठ्ठ्या द्या. नाव दसऱ्यापर्यंत थांबू शकतं, आडाची जाळी आणि जादा पाण्याचा पाइप थांबू शकत नाही. ‘बावी’ला हरकत असेल, किंवा तुमच्या भाषेत त्याचा काही वेगळाच अर्थ निघत असेल, तर पहिली सर येण्याआधी तुमच्या मंडळाच्या बैठकीत मांडा. मला बोलावलंत तर मी येईन.

आपली,
पाऊसपाण्याची कामं करणारी एक स्थापत्य अभियंता,
सोलापूर